रकान्यातली जुनी तारीख

सोलापुरात यंत्रमागावर काम करणाऱ्याची मजुरी नगावर ठरत आली आहे. किती चादरी उतरल्या, किती टॉवेल उतरले, त्यातले किती खराब म्हणून बाजूला पडले, याचा हिशेब मालकाच्या वहीत असतो तसा कामगाराच्या डोक्यातही असतो. पगाराच्या दिवशी दोन्ही हिशेब जुळले नाहीत तर वाद होतो. पण वाद नेमका कोणत्या नगावरून आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं.

महिन्याच्या पगारावर असलेल्या माणसाचं तसं नसतं. आर्थिक वर्ष संपलं की एप्रिल-मे महिन्यात त्याच्यापुढे अप्रेझलचा फॉर्म येतो. फॉर्मवर पाचपैकी दोन असा अंक असतो आणि खाली दोन ओळींचा शेरा: ‘डिलिव्हरी समाधानकारक नाही. समन्वयात सुधारणा आवश्यक.’ वर्षभराचं काम त्या एका अंकात बसवलेलं असतं आणि इन्क्रिमेंटही त्यावरच ठरतं. हा अंक चुकीचा आहे असं ज्याला मनापासून वाटतं, तो त्या रात्री एचआरला पत्र लिहायला बसतो. इथेच बहुतेकांची गाडी चुकीच्या रुळावर जाते.

रागाच्या भरात लिहिलेल्या पत्राचा मजकूर साधारण ठरलेला असतो. आपण किती वर्षं निष्ठेने काम केलं, रविवारीही कसे आलो, शेजारच्या टेबलावरच्याला जास्त रेटिंग कसं मिळालं, मॅनेजरचा आपल्यावर कसा राग आहे. यातलं सगळं खरं असू शकतं. तरीही एचआरमधला माणूस या पत्राचं काही करू शकत नाही. निष्ठेसाठी फॉर्ममध्ये रकाना नाही. शेजाऱ्याचं रेटिंग हा त्याच्यासाठी गोपनीय विषय आहे. मॅनेजरचा राग मोजता येत नाही, आणि तो आरोप पत्रात आला की एचआरला आधी मॅनेजरची बाजू घ्यावीशी वाटते, कारण उद्या त्याच्याबरोबर काम करायचं असतं. अन्याय झाला, हे सांगणारं पत्र सहानुभूती मिळवतं. अंक बदलायचा असेल तर अंक कसा तयार झाला ते उलगडून त्यातली चूक दाखवावी लागते. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम एका साध्या प्रश्नापासून सुरू होतं: मॅनेजरने हा अंक कुठून घेतला?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल निर्यात करणाऱ्या एखाद्या कारखान्याचं नमुन्यादाखल उदाहरण घेऊ. तिथे एक प्लॅनिंग ऑफिसर आहे. परदेशी खरेदीदाराची ऑर्डर आली की सूत मागवण्यापासून रंगाई, विणाई, शिलाई, पॅकिंग आणि कंटेनर भरण्यापर्यंतचं वेळापत्रक लावणं हे तिचं काम. वर्षाच्या सुरुवातीला सही झालेल्या गोल शीटमध्ये तिच्या कामाचे तीन भाग आहेत. वेळेवर रवानगीला साठ टक्के वजन, पहिल्याच तपासणीत माल पास होण्याला वीस टक्के, आणि इतर विभागांशी समन्वयाला वीस टक्के. रवानगीची पट्टीही लिहिलेली आहे: ऐंशी ते नव्वद टक्के ऑर्डरी वेळेत गेल्या तर दोन गुण, नव्वद ते पंच्याण्णव टक्के गेल्या तर तीन, त्यापुढे चार.

वर्षात ४८ ऑर्डरी झाल्या. मॅनेजरने ईआरपीतून अहवाल काढला, त्यात ४१ वेळेत आणि ७ उशिरा दिसल्या. म्हणजे ८५.४ टक्के, म्हणून रवानगीला दोन. मालाच्या तपासणीत ४८ पैकी ४६ ऑर्डरी पहिल्याच फेरीत पास, म्हणून तिथे तीन. समन्वयाला दोन. वजनाने गुणून बेरीज २.२ येते आणि पूर्णांकात ती दोन होते.

आता उशिरा दिसणाऱ्या त्या सात ऑर्डरी एकेक करून उघडायच्या. त्यातल्या चार ऑर्डरींत खरेदीदारानेच तारीख पुढे ढकलली होती. कुणी लेबल बदललं, कुणी रंगाच्या नमुन्याला मंजुरी द्यायला वेळ लावला, आणि प्रत्येक वेळी सुधारित पर्चेस ऑर्डर पाठवली. माल सुधारित तारखेच्या आत गेला. पण ईआरपीत रवानगीच्या तारखेचा रकाना मूळ ऑर्डर नोंदवताना भरला जातो. सुधारित ऑर्डर आली तेव्हा ती जोडपत्र म्हणून चढवली गेली, रकाना कुणी बदलला नाही. अहवाल तो रकाना वाचतो, जोडपत्र वाचत नाही. राहिलेल्या तीनपैकी दोन ऑर्डरींना सूतगिरणीकडून सूत उशिरा आलं आणि एक ऑर्डर तिच्या स्वतःच्या वेळापत्रकातल्या चुकीने मागे पडली. या तिन्ही फेब्रुवारी-मार्चमधल्या आहेत, म्हणजे मूल्यमापनाला बसलेल्या मॅनेजरच्या मनात सगळ्यांत ताज्या.

चार ऑर्डरी योग्य बाजूला ठेवल्या की ४८ पैकी ४५ वेळेत, म्हणजे ९३.७५ टक्के. पट्टीनुसार तीन गुण. समन्वयाचे दोन गुण तसेच राहू दिले तरी एकूण बेरीज २.८ होते, आणि पूर्णांकात तीन.

या हिशेबाचा पत्राच्या दृष्टीने अर्थ फार मोठा आहे. ‘समन्वयात सुधारणा आवश्यक’ हा शेरा तिला सगळ्यांत जास्त झोंबलेला असणार. पत्राची पहिली तीन पानं त्यावरच खर्च करावीत असं तिला वाटणार. पण तो शेरा मताचा आहे आणि मतावर वाद घालून कुणी मत बदलत नाही. रेटिंग बदलायला त्या शेऱ्याला हात लावायचीही गरज नाही. एका रकान्यातली जुनी तारीख पुरेशी आहे. शिवाय मॅनेजरने दुष्टपणा केला असं म्हणावं लागत नाही, त्याने समोर आलेला अहवाल वाचला एवढंच. चूक सुधारताना त्यालाही मान खाली घालावी लागणार नाही, अशी वाट पत्राने ठेवली तर तो स्वतःच दुरुस्तीला दुजोरा देण्याची शक्यता वाढते. सूत उशिरा आलेल्या दोन ऑर्डरींचं श्रेयही तिने मागू नये. कारण दाखवावं, आकड्यात मात्र त्या उशिराच्याच धराव्यात. आणि स्वतःच्या चुकीची एक ऑर्डर स्वतःच सांगावी. ज्या पत्रात विरुद्ध जाणारी नोंदही असते, त्यातल्या बाकीच्या नोंदी वाचणारा संशयाने तपासत नाही.

आपल्याकडे या विषयावर सरकारी नोकरीत मोठी कायदेशीर लढाई झाली आहे आणि खासगी नोकरीतल्या माणसाने ती समजून घ्यावी अशी आहे. सीमा रस्ते संघटनेतले अभियंता देव दत्त यांची अधीक्षक अभियंतापदी बढती १९९३-९४ या एका वर्षाच्या गोपनीय अहवालामुळे अडली. त्या अहवालात त्यांच्याबद्दल वाईट काहीच नव्हतं. शेरा होता ‘चांगला’. पण बढतीसाठी सलग पाच वर्षं ‘खूप चांगला’ लागत होता. ‘चांगला’ हा प्रतिकूल शेरा नाही, म्हणून तो कळवण्याची गरज नाही, अशी सरकारची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी ती फेटाळली. शेरा प्रतिकूल आहे की नाही हे त्याच्या शब्दावरून ठरत नाही, त्याच्या परिणामावरून ठरतं, असा त्या निकालाचा गाभा आहे. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे आणि त्याविरुद्ध म्हणणं मांडण्याची संधी दिली पाहिजे, असं न्यायालयाने ठरवलं. देव दत्त तोवर निवृत्त झाले होते. तरीही तो शेरा त्यांना कळवावा, त्यांचं म्हणणं ऐकावं, शेरा सुधारला तर बढतीचा मागील तारखेपासून विचार करावा आणि बढती मिळाल्यास वाढीव निवृत्तिवेतन व थकबाकी आठ टक्के व्याजाने द्यावी, असा आदेश झाला. पुढे २०१३ मध्ये सुखदेव सिंग यांच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हीच भूमिका कायम केली.

देव दत्त निकालानंतर केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने १४ मे २००९ रोजी काढलेल्या सूचनेत एक वाक्य आहे, ज्याकडे कमी लोकांचं लक्ष जातं. पूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला द्यावा, त्याला पंधरा दिवसांत अभिवेदन करता यावं, हे त्यात आहेच. पण हे अभिवेदन अहवालातल्या विशिष्ट वस्तुस्थितीदर्शक नोंदींपुरतं मर्यादित असावं, असंही त्यात म्हटलं आहे. वरवर पाहता ही कर्मचाऱ्यावर घातलेली मर्यादा आहे. प्रत्यक्षात चांगलं पत्र कसं लिहावं याची ती सर्वांत नेमकी सूचना आहे. अहवालातली नोंद घ्या, ती कोणत्या वस्तुस्थितीवर उभी आहे ते शोधा, आणि त्या वस्तुस्थितीपुरतंच बोला.

टॉवेल कारखान्यातल्या त्या ऑफिसरचं पत्र या शिस्तीने लिहिलं तर मुख्य भाग एवढाच असेल:

‘माझ्या वार्षिक मूल्यमापनात वेळेवर रवानगी या उद्दिष्टाला २ गुण देण्यात आले आहेत. हे गुण ईआरपी अहवालातील ४८ पैकी ४१ या आकड्यावर आधारित आहेत, असे मूल्यमापन बैठकीत सांगण्यात आले. या अहवालात उशिरा दाखवलेल्या चार ऑर्डरींच्या तारखा खरेदीदाराने लेखी बदलल्या होत्या आणि माल सुधारित तारखेच्या आत रवाना झाला. तपशील सोबतच्या तक्त्यात आहे. उरलेल्या तीन ऑर्डरी उशिरा गेल्या हे मला मान्य आहे. त्यातील एकीचे कारण माझ्या नियोजनातील चूक होते. सुधारित तारखा धरल्यास प्रमाण ९३.७५ टक्के होते आणि गोल शीटमधील पट्टीनुसार ३ गुण होतात. कृपया या नोंदींची पडताळणी करून एकूण रेटिंग २ वरून ३ करावे. समन्वयाबाबतच्या शेऱ्याला आधार असलेले प्रसंग कळवल्यास मला पुढील वर्षी त्यावर काम करता येईल.’

एका पानात संपणारं पत्र. सोबत चार ओळींचा तक्ता: ऑर्डर क्रमांक, मूळ तारीख, सुधारित ऑर्डरची तारीख, प्रत्यक्ष रवानगीची तारीख, आणि ही प्रत्येक नोंद कुठे सापडेल ते.

तक्त्यातली शेवटची तारीख कुठून घ्यायची, यावर पत्राचं बरंचसं बळ अवलंबून असतं. तिने स्वतः ठेवलेल्या एक्सेल शीटमधून घेतली तर ती तिची बाजू ठरते. कारखान्याच्या गेटवरच्या नोंदीतून घेतली तर थोडी भक्कम. पण निर्यातीच्या मालाला आणखी एक कागद असतो: शिपिंग बिल. माल तपासून जहाजावर चढवायला परवानगी दिली की सीमाशुल्क खात्याची तारीख त्यावर पडते. न्हावा शेवा बंदरावर पडलेली ती तारीख सोलापुरातल्या कुणाच्या हातात नाही. सुधारित पर्चेस ऑर्डर खरेदीदाराची, तपासणीचा अहवाल बाहेरच्या निरीक्षकाचा, सूत आल्याची पावती स्टोअरची. स्वतःच्या कामाचा पुरावा शक्यतो दुसऱ्याच्या हातचा असावा आणि वाद उभा राहण्याआधीचा असावा. अप्रेझल झाल्यावर सहकाऱ्यांकडून मागून घेतलेल्या कौतुकाच्या मेलना त्यापुढे काही किंमत उरत नाही. बँकेतल्या वसुली अधिकाऱ्याला हाच नियम लागू पडतो, लेखापरीक्षणाचा अहवाल त्याच्या डायरीपेक्षा वजनदार असतो.

एक धोका मात्र आवर्जून सांगायला हवा. पुरावा गोळा करण्याच्या घाईत माणसं पर्चेस ऑर्डर, दरपत्रकं, खरेदीदारांचे मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवून ठेवतात. त्यात किमती असतात, ग्राहकांची नावं असतात. बहुतेक कंपन्यांच्या नियमांत हा गोपनीयतेचा भंग आहे, आणि रेटिंगचा वाद एका क्षणात शिस्तभंगाचा वाद होतो. कागद जिथे आहेत तिथेच राहू द्यावेत, पत्रात फक्त त्यांचे क्रमांक आणि तारखा द्याव्यात. पडताळणी करणं एचआरचं काम आहे आणि त्यांना ते कागद पाहता येतात. स्वतःकडे ठेवायच्या गोष्टी वेगळ्या: स्वतःची गोल शीट, मूल्यमापनाचा फॉर्म, इन्क्रिमेंटचं पत्र. फॉर्मवर सही मागितली जाते किंवा संगणकावर ‘मान्य’ असं बटण असतं, तिथे ‘मिळाले, सहमत नाही, स्वतंत्र पत्र देत आहे’ असं लिहिता येतंय का ते आधी पाहावं. निमूट सही केल्यावर तिसऱ्या महिन्यात आलेलं पत्र कितीही खरं असलं तरी उशिराचं ठरतं.

एवढं सगळं करूनही रेटिंग न बदलण्याची शक्यता आहे, कारण अंक कधी कधी कामातून आलेलाच नसतो. पुष्कळ कंपन्यांत विभागवार ठरावीक टक्के लोकांनाच वरचं रेटिंग देता येतं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी वरचे वीस, मधले सत्तर, खालचे दहा टक्के अशी विभागणी गाजवली आणि जगभर तिची नक्कल झाली. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये अशी सक्तीची क्रमवारी बंद केली. आपल्याकडे ती बेल कर्व्ह या नावाने अजून ऐकू येते. आठ माणसांच्या विभागात कुणालातरी खाली बसवायचंच, असं आधीच ठरलं असेल, तर मॅनेजर आकड्याकडून शेऱ्याकडे जात नाही. आधी अंक ठरतो आणि मग त्याला शोभेल असा शेरा शोधला जातो. शेऱ्यात एकही प्रसंग, तारीख किंवा ऑर्डर नसणं ही त्याची ओळखण्यासारखी खूण आहे. बैठकीत ‘तुझं काम चांगलंच आहे, पण वरून आलंय’ असं वाक्य ऐकू आलं तर शंका उरत नाही. अशा ठिकाणीही पत्र वाया जात नाही, कारण मोजपट्टी गोल शीटमध्ये लिहून दिलेली आहे आणि तिच्याशी न जुळणारा अंक दिला, हे कंपनीच्या स्वतःच्या कागदाविरुद्ध जातं. पण तिथे एचआरचं उत्तर ‘रेटिंग लॉक झालं आहे’ असंच येण्याची तयारी ठेवावी.

खासगी नोकरीत देव दत्त निकालाचा थेट आधार मिळत नाही. तो निकाल शासन आणि शासकीय संस्थांच्या मनमानीविरुद्धचा आहे. खासगी कंपनीविरुद्ध तोच मुद्दा घेऊन रिट करता येत नाही. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी, ही तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने आली आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. पण ती कायद्याच्या व्याख्येतल्या कामगारासाठी आहे. व्यवस्थापकीय काम करणाऱ्याला किंवा ठरावीक मर्यादेहून जास्त पगार असलेल्या पर्यवेक्षकाला ती सहसा लागू होत नाही. म्हणजे अप्रेझलचा फॉर्म ज्याच्या टेबलावर येतो, तोच बहुतेकदा या दाराबाहेर राहतो. ही कायद्यातली खरीखुरी पोकळी आहे. सरकारी कारकुनाला स्वतःच्या शेऱ्याविरुद्ध बोलायचा हक्क असावा आणि खासगी कारखान्यातल्या ऑफिसरकडे फक्त कंपनीच्या धोरणपुस्तिकेतलं एखादं कलम असावं, याचं समर्थन करता येत नाही. चुकीच्या नोंदीने होणारं नुकसान दोघांचं सारखंच आहे.

पत्र लिहूच नये, असं म्हणणारे सोलापुरात पुष्कळ भेटतील आणि त्यांचं म्हणणं भेकडपणाचं नाही. पुण्यासारखं इथे एका कंपनीतून दुसरीत सहज जाता येत नाही. अनेक कारखाने कौटुंबिक मालकीचे, एचआर म्हणजे मालकांच्या विश्वासातला एक माणूस, आणि मालक एकमेकांना ओळखणारे. ‘ती तक्रार करणारी आहे’ हे वाक्य चिंचोळीच्या एमआयडीसीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. ही भीती खरी आहे. पण गप्प राहण्याचीही किंमत असते. इन्क्रिमेंट दरवर्षी आधीच्या पगारावर टक्क्याने वाढतं, त्यामुळे एका वर्षी कमी मिळालेलं पुढच्या प्रत्येक वर्षी कमीच राहतं. आणि पुण्याला नोकरी शोधायला गेलं की तिथला माणूस शेवटच्या पगाराची स्लिप मागतोच. भीती कमी करण्याचा उपाय पत्राच्या स्वरूपातच आहे. ज्या पत्रात कुणावर आरोप नाही, चार ऑर्डरींचे क्रमांक आहेत आणि एक चूक कबूल केलेली आहे, ते लिहिणाऱ्याला तक्रारखोर म्हणणं अवघड जातं. मॅनेजरला आधी तोंडी सांगून, त्याला प्रत ठेवून ते पाठवलं तर पाठीमागून गेल्याचा ठपकाही लागत नाही.

रेटिंग बदलता येणार नाही असं उत्तर आलं, तर दुसरं पत्र आणखी छोटं असावं. त्यात फक्त तीन गोष्टी मागाव्यात. पडताळणीत चार ऑर्डरी वेळेत गेल्याचं आढळलं की नाही ते लेखी कळवावं. पहिलं पत्र मूल्यमापनाच्या फॉर्मसोबत फाइलला जोडावं, म्हणजे पुढच्या वर्षी नवा मॅनेजर आला तरी त्याला दोन हा अंक एकटा दिसणार नाही. आणि नव्या गोल शीटवर सही करण्याआधी रवानगीच्या उद्दिष्टापुढे एक ओळ घालावी: खरेदीदाराने लेखी बदललेली तारीख हीच देय तारीख धरली जाईल, आणि सुधारित पर्चेस ऑर्डर आल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत ईआरपीतला रकाना बदलण्याची जबाबदारी मर्चंडायझिंग विभागाची राहील. तिसऱ्या मागणीला नाही म्हणायला एचआरकडे कारण नसतं, कारण तो रकाना चुकीचा राहिला तर कारखान्याचा स्वतःचा वेळेवर रवानगीचा आकडाही मालकापुढे दरमहा चुकीचाच जात राहतो.